दोन गटांच्या टक्केवारीची तुलना करायची आहे, मग नमुना किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनॉप्सिस जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या विभागाच्या दारात ज्युनियर रेसिडेंट उभे राहतात. हातात अर्धवट टाइप केलेला कागद आणि तोंडी एकच प्रश्न: "मॅडम, एन किती लिहू?" मी विचारते, कशासाठी? बहुतेकांकडे त्याचं उत्तर तयार नसतं. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले. सगळी गणितं एकाच उदाहरणावर केली आहेत, त्यामुळे मधूनच वाचायला घेतलं तरी पहिला प्रश्न आधी वाचा.

उदाहरण कोणतं?

बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला जाणारी गावं डोळ्यांसमोर आणा, धारूर-वडवणीकडची. गरोदर मातांना लोहाच्या लाल गोळ्या उपकेंद्रातून मिळतात. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं, रोज एक घ्यायची. गोळ्या घरी पोचतात हे खरं, पण पोटात जातात का? जेवणानंतर मळमळतं, शौचाला काळी होते, सासू म्हणते बाळ मोठं होईल नि बाळंतपण अडेल. मग पाकिटं पत्र्याच्या डब्यात पडून राहतात.

आपल्याला पाहायचं आहे ते असं. आशाताईंनी दर आठवड्याला घरी जाऊन पाकीट पाहिलं, रिकामे कप्पे मोजले आणि त्रास होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली, तर ३४व्या आठवड्याला अ‍ॅनिमिया असलेल्या बायकांचं प्रमाण कमी होतं का? अ‍ॅनिमिया म्हणजे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला नेहमीची सेवा आणि वर ही घरभेट. शेवटी प्रत्येक बाईबद्दल उत्तर एकच: आहे किंवा नाही. म्हणून ही दोन प्रमाणांची तुलना. आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत.

मी 4pq/L² ने १०० काढला, म्हणजे दोन गटांत ५०-५०. चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून यावर जरा थांबते.

ते सूत्र वेगळ्या प्रश्नाचं आहे. "या तालुक्यात किती टक्के गरोदर मातांना अ‍ॅनिमिया आहे?" असा एकाच गटाचा प्रश्न असेल आणि उत्तर अधिक-उणे इतक्या टक्क्यांत हवं असेल, तेव्हा ते वापरायचं. p म्हणजे अंदाजे प्रमाण, q म्हणजे १०० वजा p, आणि L म्हणजे चालणारी चूक. p ५० आणि L १० धरला की १०० येतात. त्यातही एक मेख आहे. "१० टक्के चूक" म्हणजे ४० ते ६०, की ५० चे १० टक्के म्हणून ४५ ते ५५? दुसरा अर्थ घेतला तर L होतो ५ आणि नमुना होतो ४००. एकाच वाक्यातून १०० आणि ४०० दोन्ही निघतात, आणि सिनॉप्सिसमध्ये कोणता अर्थ घेतला ते कुणी लिहीत नाही.

पण आपला प्रश्न एका गटाचा नाहीच. दोन गटांत फरक आहे का, हे आपल्याला ओळखायचं आहे, आणि 4pq/L² मध्ये फरकाला जागाच नाही. त्या सूत्राला दुसरा गट आहे हेच माहीत नाही. तुम्ही १०० काढता आणि मग मधोमध चिरून ५०-५० करता, त्या चिरण्याला कसलाही आधार नाही.

परिणाम काय होतो ते आकड्यात पाहा. घरभेटीने अ‍ॅनिमिया खरोखरच ५० टक्क्यांवरून ३५ वर येतो असं धरा. दोन्ही गटांत ५०-५० बायका घेतल्या तर हा फरक पकडण्याची शक्यता साधारण ३३ टक्के. म्हणजे हाच अभ्यास तिघींनी केला, तर त्यातल्या दोघी "फरक आढळला नाही" असं लिहून मोकळ्या होतील, आणि फरक मात्र तिथेच असेल. माझ्या स्वतःच्या थिसिसचं नेमकं हेच झालं होतं. विषय वेगळा होता, पण सूत्र हेच. गाईडनी दिलं, मी लिहिलं, कमिटीने पास केलं. पी-व्हॅल्यू ०.१९ आली, आणि चर्चेच्या प्रकरणात मी दोन पानं भरून हा उपाय का चालत नाही याची कारणं दिली. उपाय चालत होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग कोणत्या गोष्टी लागतात?

चार. नेहमीच्या सेवेच्या गटात अ‍ॅनिमियाचं अपेक्षित प्रमाण, p1. नव्या गटात ते जितकं खाली आलं तर दखल घ्यावी असं वाटतं ते, p2. फरक नसताना "आहे" म्हणण्याचा धोका, म्हणजे अल्फा, तो सहसा ५ टक्के. आणि फरक असताना तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ती किमान ८० टक्के. शेवटच्या दोन गोष्टी प्रघाताने ठरलेल्या आहेत, त्यांवर फार वाद होत नाही. खरं डोकं पहिल्या दोनांत घालवायचं.

p1 कुठून आणू? एनएफएचएसचा आकडा घेतला तर?

घ्या, पण आंधळेपणाने नको. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात गरोदर मातांमधलं अ‍ॅनिमियाचं प्रमाण सुमारे ४६ टक्के निघालं. तो आकडा अख्ख्या राज्याचा आहे आणि सगळ्या महिन्यांच्या गरोदर बायकांचा मिळून आहे. आपल्याला हवं ते ऊसतोडीच्या गावातलं आणि ३४व्या आठवड्याचं.

त्यापेक्षा जवळची जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचं एएनसी रजिस्टर. पण ते उघडलं की एचबीच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवून पाहा. १०, १०.५, ११, ११, १०.५, ११. मधले १०.७ नि ११.२ गेले कुठे? सगळ्यांचं रक्त अर्ध्या ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढत नसतं, लिहिणाऱ्याचा हात तसा पडतो. आणि नेमकी आपली सीमारेषा ११ वर. त्या रजिस्टरवरून काढलेलं प्रमाण ११ वर बसलेल्यांना कुठे ढकललं यावर पाच-दहा टक्क्यांनी हलू शकतं.

काही जण तीस बायकांचा पायलट करतात. पायलट फॉर्म तपासायला, वेळ मोजायला उत्तम. पण तिसातल्या पंधरा जणींना अ‍ॅनिमिया निघाला, तर खरं प्रमाण ३२ ते ६८ टक्क्यांत कुठेही असू शकतं. एवढ्या ढिल्या आकड्यावर p1 टेकवू नका.

एक दिलासा मात्र आहे. प्रमाण ५० च्या आसपास असेल तर p1 थोडा चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. ५० वरून ३५ ला दर गटात १७० लागतात आणि ६० वरून ४५ ला १७३. फरक तोच १५ चा राहिला, तर नमुना जागचा फारसा हलत नाही.

फरक "३० टक्के घट" असा लिहिला तर?

तर p1 चुकल्यावर आभाळ कोसळतं. ५० चं ३५ झालं ही ३० टक्के घट, आणि १० चं ७ झालं हीसुद्धा ३० टक्केच घट. पहिलीला दर गटात १७० पुरतात, दुसरीला १,३५६ लागतात. वाक्य एकच, काम आठपट. म्हणून "३० टक्के घट अपेक्षित" असं कुठे लिहूच नका. "५० वरून ३५" असे दोन्ही आकडे लिहा, वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही आणि तुमचाही होत नाही.

पण ३५ च का? ४० का नाही?

याचं उत्तर संख्याशास्त्रात नाही. हा प्रश्न तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा: आशाताईंना दर आठवड्याला प्रत्येक गरोदर बाईच्या घरी पाठवायचं, तर किती फायदा झाला म्हणजे तुम्ही ते चालू ठेवाल? ते म्हणाले की १०० बायकांमागे पाच जणींचा अ‍ॅनिमिया कमी झाला तर एवढा खटाटोप परवडणार नाही, पंधरा जणींचा झाला तर नक्की करू, तर तुमचा p2 ३५. चालणारा कमीत कमी फरक हा असा ठरतो.

उलटी चाल फार दिसते. "मला १०० च बायका मिळतील" इथून सुरुवात करायची, सूत्रात फरक वाढवत न्यायचा आणि उत्तर १०० आलं की थांबायचं. p2 तीसच्याही खाली जातो आणि सिनॉप्सिसमध्ये "पूर्वीच्या अभ्यासांवर आधारित" असं वाक्य येतं. परीक्षकाने तो पूर्वीचा अभ्यास मागितला की पंचाईत.

फरकाची किंमत किती ते एकदा पाहून ठेवा. ५० वरून ३० साठी दर गटात ९३, ३५ साठी १७०, ४० साठी ३८८ आणि ४५ साठी १,५६५. फरक निम्मा केला की नमुना साधारण चौपट होतो, कारण सूत्रात खाली फरकाचा वर्ग आहे.

आता सूत्र आणि गणित दाखवा.

```
n = [ 1.96·√(2·p̄·q̄) + 0.84·√(p1·q1 + p2·q2) ]² / (p1 − p2)²
```

हा n दर गटाचा आहे, एकूण नव्हे. p̄ म्हणजे दोन प्रमाणांची सरासरी, q म्हणजे १ वजा p. १.९६ हा ५ टक्के अल्फाचा आकडा, दोन्ही बाजू धरून. ०.८४ हा ८० टक्के पॉवरचा. कंसातला पहिला भाग "फरक नाही" असं धरून किती चढउतार होईल ते सांगतो आणि दुसरा भाग "फरक आहे" असं धरून. म्हणून पहिल्यात सरासरी p̄ येतो आणि दुसऱ्यात p1, p2 वेगवेगळे.

p̄ = ०.४२५ आणि q̄ = ०.५७५. दोघांचा गुणाकार ०.२४४, दुप्पट ०.४८९, वर्गमूळ ०.६९९. त्याला १.९६ ने गुणलं की १.३७०. दुसरा भाग: ०.५० गुणिले ०.५० म्हणजे ०.२५०, ०.३५ गुणिले ०.६५ म्हणजे ०.२२७५. बेरीज ०.४७७५, वर्गमूळ ०.६९१. त्याला ०.८४ ने गुणून ०.५८०. दोन्हींची बेरीज १.९५, तिचा वर्ग साधारण ३.८१. खाली ०.१५ चा वर्ग, ०.०२२५. भागाकार १६९ आणि थोडं वर. वरच्या पूर्णांकाला न्यायचं, म्हणून १७०. दोन्ही गट मिळून ३४०.

हात दुखत असतील तर आर मध्ये एका ओळीचं काम आहे:

```r
power.prop.test(p1 = 0.50, p2 = 0.35, power = 0.80)
```

उत्तर १६९.३ येतं. त्याच्याच खाली ते स्वतः बजावतं की हा आकडा प्रत्येक गटाचा आहे. तरी दरवर्षी कुणीतरी १७० चे दोन भाग करून ८५-८५ लिहून आणतंच. पॉवर ९० टक्के हवी असेल तर ०.८४ च्या जागी १.२८२ घाला, मग दर गटात २२७ होतात.

माझ्या मैत्रिणीला याच आकड्यांवर १६७ आले, वेबसाइटवर १७१ आणि १८३ दिसतात. खरं कोणतं?

चारही. १६७ तेव्हा येतात जेव्हा सूत्राच्या दोन्ही भागांत p1, p2 वेगळेच ठेवतात, आणि १७१ तेव्हा जेव्हा दोन्हीकडे सरासरी वापरतात. आपले १७० या दोन्हींच्या मधले. या तिघांतला फरक एवढा किरकोळ आहे की त्यावर कमिटीत वाद घालणाऱ्याला कामं कमी आहेत असं समजावं.

१८३ ची गोष्ट थोडी वेगळी. त्यात सातत्य-सुधारणा धरलेली असते. शेवटी तुम्ही येट्सची सुधारणा लावलेला काय-स्क्वेअर किंवा फिशरची चाचणी करणार असाल, तर त्या चाचण्या जास्त सावध असतात आणि तेवढीच पॉवर मिळायला त्यांना जास्त माणसं लागतात. म्हणून आधी चाचणी ठरवा आणि नमुना तिच्या जोडीचा घ्या. साधा काय-स्क्वेअर करणार असाल तर १७० पुरेत.

गळती किती धरू? मी १० टक्के जास्त घेते, सगळेच घेतात.

सगळे घेतात म्हणून घेऊ नका, तुमच्या गावात कोण कधी निघून जातं ते पाहा. एका आशाताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मॅडम, दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतंय, मग कुणाचं रक्त तपासणार?" मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि बाई पाचव्या महिन्यात असली तरी टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर जाते. परत येते ती मार्च-एप्रिलमध्ये. दुसरी गळती ऊसतोडीची नव्हेच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी. आपली तपासणी ३४व्या आठवड्याला, म्हणजे आठव्या महिन्यात. नेमकी तेव्हा ती परभणीत, नाहीतर अहिल्यानगरकडच्या एखाद्या गावात.

म्हणून २० टक्के धरू. हिशेब असा: १७० भागिले ०.८०, म्हणजे २१२.५, म्हणून २१३. बहुतेक जण १७० चे २० टक्के काढून वर चढवतात आणि २०४ लिहितात. २०४ मधून २० टक्के गेल्या की १६३ उरतात, आणि आपल्याला हव्यात १७०. गळती घेतलेल्या बायकांमधून होते, उरलेल्यांमधून नाही, म्हणून भागायचं.

एवढं करूनही एक गोष्ट सुटत नाही. जास्त नाव नोंदवून संख्या भरून निघते, पण गेलेल्या बायका उरलेल्यांसारख्या नसतात. फडावर गेलेली बाई पहाटे चारला उठून मोळ्या वाहते, ती गावात राहिलेल्या शिक्षिकेच्या बरोबरीची नाही. तिला अ‍ॅनिमिया असण्याची शक्यता वेगळी आहे. हा दोष २१३ काय, पाचशे घेतल्या तरी जात नाही. त्याला उपाय कॅलेंडरचा. १६व्या आठवड्यातल्या बायका एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत नोंदवा. १८ आठवडे धरले की शेवटची तपासणी ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढेमागे होते आणि बहुतेक टोळ्या तोवर गावातच असतात. माहेरी गेलेलीचा फोन नंबर आणि माहेरचं गाव मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

आशाताई घरभेट देणार, तर चिठ्ठी बाईनिहाय काढायची की गावनिहाय?

बाईनिहाय काढली तर त्याच आशाताई एका घरी भेट देणार आणि शेजारच्या घरासमोरून पुढे जाणार, असं होईल का? शेजारची जाऊ ओसरीवर बसून सगळं ऐकते आणि दुसऱ्या दिवसापासून तीही गोळी रात्री घेते. दोन्ही गट सारखे व्हायला लागतात. म्हणून इथे उपकेंद्रंच्या उपकेंद्रं एकेका गटात टाकायची.

पण त्याची किंमत मोजावी लागते. एका उपकेंद्रातल्या बायकांचं पाणी एक, दुकान एक, नर्सबाई एक. त्यांची उत्तरं एकमेकींशी मिळतीजुळती असतात, म्हणून वीस बायकांकडून वीस बायकांएवढी माहिती मिळत नाही. हे सारखेपण आयसीसी या आकड्यात मोजतात. नमुना जितक्या पटींनी वाढवायचा ती पट, म्हणजे डिझाइन इफेक्ट, असा:

```
DE = 1 + (m − 1) × ICC
```

m म्हणजे एका उपकेंद्रातून शेवटपर्यंत टिकलेल्या बायका. आयसीसी ०.०३ धरू. m २० असेल तर पट १.५७ आणि १७० चे होतात २६७. त्याला २० ने भागून दर गटात १४ उपकेंद्रं. २० टक्के गळती धरून प्रत्येक ठिकाणी २५ नोंदवायच्या, म्हणजे दर गटात ३५० बायका.

आता m १० घ्या. पट १.२७, हव्या २१६, म्हणजे २२ उपकेंद्रं. प्रत्येक ठिकाणी १३ नोंदवल्या तर दर गटात २८६. उपकेंद्रं आठ वाढली आणि बायका ६४ कमी झाल्या. एकाच गावातून भरपूर घेण्यापेक्षा जास्त गावांतून थोड्या घेणं नेहमीच फायद्याचं असतं.

शिवाय दुसरा पर्याय आपल्या कॅलेंडरात बसतो. सपाटीवरच्या उपकेंद्राखाली साधारण पाच हजार वस्ती असते. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ७५ बाळंतपणं, म्हणजे महिन्याला सहा. अडीच महिन्यांत पंधरा-सोळा बायका १६व्या आठवड्याला पोचतील. त्यातून १३ मिळू शकतात, तेही जवळपास सगळ्या हो म्हणाल्या तरच. २५ मिळणं अशक्यच, कुणी कितीही जीव तोडून हिंडलं तरी.

दोन्ही गटांची मिळून ४४ उपकेंद्रं होतात आणि ती एकट्या जेआरला झेपत नाहीत, हे मला मान्य आहे. तेव्हा गाव सोडा. घरभेटीऐवजी कॉलेजमधून आठवड्याला फोन करायचं ठरवा आणि बाईनिहाय पाकिटातून चिठ्ठी काढा, म्हणजे दर गटात २१३ वर काम भागतं. फक्त फोनने ३५ पर्यंत खाली येईल का, हा प्रश्न नव्याने विचारा. आणि गावनिहाय वाटणी केली असेल तर शेवटी साधा काय-स्क्वेअर लावून चालत नाही, विश्लेषणातही उपकेंद्रं धरावी लागतात.

हिमोग्लोबिन मोजण्याच्या यंत्राचा याच्याशी काय संबंध?

फार आहे, आणि तो कुणाच्याच सिनॉप्सिसमध्ये दिसत नाही. सालीच्या नळीत रंग जुळवताना खिडकीकडे तोंड आहे की ट्यूबलाइटखाली, यावर आकडा बदलतो. बोट दाबून दाबून थेंब काढला तरी बदलतो. समजा तुमची पद्धत दोन्ही बाजूंना १०० मध्ये १५ जणींच्या बाबतीत चुकते: अ‍ॅनिमिया असलेल्या १५ जणींना "नाही" म्हणते आणि नसलेल्या १५ जणींना "आहे".

नेहमीच्या गटात खरं प्रमाण ५०, आणि मोजलेलंही ५० च दिसेल, चुका एकमेकींना भरून काढतात. नव्या गटात खऱ्या ३५ पैकी ८५ टक्के सापडतील, म्हणजे २९.७५. वर नसलेल्या ६५ पैकी १५ टक्के, म्हणजे ९.७५. एकूण ३९.५. पंधराचा फरक कागदावर साडेदहाचा झाला आणि तो पकडायला दर गटात ३५१ लागतात. दुपटीहून जास्त. म्हणून बायका वाढवण्याआधी यंत्र बदला. डिजिटल मीटर घ्या, एकाच माणसाला शिकवा आणि दर दहाव्या बाईचा नमुना प्रयोगशाळेत ताडून पाहा. स्वस्तात पडतं.

मला खरंच दर गटात १०० च मिळणार आहेत. काय करू?

गणित उलटं करा आणि ते तसंच सांगा. p1 ५० धरून दर गटात शेवटपर्यंत १०० टिकल्या, तर ८० टक्के पॉवरने पकडता येणारा फरक साधारण १९ ते २० चा, म्हणजे ५० वरून ३०-३१ वर. तेवढा फरक तुमच्या उपायाने पडू शकतो असं मनापासून वाटत असेल तर करा. नसेल तर विषय बदला, नाहीतर दोन कॉलेजांनी मिळून करा. लातूरचं आणि अंबाजोगाईचं अंतर काही फार नाही.

दोन्ही गट सारखेच हवेत का?

सक्ती नाही. घरभेट महाग पडते म्हणून नव्या गटात कमी आणि जुन्यात दुप्पट घ्यायच्या ठरवल्या, तर १२८ आणि २५६ लागतात. एकूण ३४० चे ३८४ झाले. तिप्पट-चौपटीच्या पुढे जाण्यात अर्थ उरत नाही.

त्याच बायकांचं आधी-नंतर पाहिलं तर निम्म्यातच काम होईल?

ते सूत्रच वेगळं, मॅकनेमारचं. आणि गरोदरपणात रक्त पातळ होत जातं, एचबी आपोआप उतरतं. आधी-नंतरचा फरक गोळीचा की महिन्याचा, हे कळणार नाही. या विषयात तो मार्ग नको.

निकाल आल्यावर पॉवर काढून लिहू का? परीक्षक विचारतात.

मिळालेल्या फरकावरून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूच असते, नुसती उलट्या कपड्यात. पी मोठी आली की ती पॉवर कमीच निघणार, त्यातून नवं काही कळत नाही. त्याऐवजी फरक आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल द्या. "फरक ८ चा, अंतराल उणे ३ ते १९" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, १५ चा फरक अजूनही नाकारता आलेला नाही.

सिनॉप्सिसमध्ये नेमकं काय लिहू?

सूत्राचा फोटो चिकटवू नका. कुणालाही पुन्हा करून पाहता येईल असा एक परिच्छेद लिहा. आपल्या उदाहरणाचा असा होईल:

"३४व्या आठवड्याला हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असलेल्या गरोदर मातांचं प्रमाण नेहमीच्या सेवेत ५० टक्के धरलं आहे (आधार: निवडलेल्या आरोग्य केंद्रांच्या मागील वर्षाच्या नोंदी). ते ३५ टक्क्यांपर्यंत आलं तर घरभेट राबवण्याजोगी ठरेल असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी चर्चा करून ठरवलं. दुहेरी बाजूचा अल्फा ५ टक्के, पॉवर ८० टक्के, सातत्य-सुधारणा न करता दर गटात १७० माता लागतात. वाटणी उपकेंद्रनिहाय असल्याने, प्रत्येक उपकेंद्रातून १० माता शेवटपर्यंत टिकतील आणि आयसीसी ०.०३ असेल असं धरून डिझाइन इफेक्ट १.२७ येतो व संख्या २१६ होते. त्यासाठी दर गटात २२ उपकेंद्रं घेतली जातील. २० टक्के गळती धरून प्रत्येक उपकेंद्रात १३, म्हणजे दर गटात २८६ आणि एकूण ५७२ मातांची नोंदणी केली जाईल. विश्लेषणात उपकेंद्रांचा गट म्हणून विचार केला जाईल."

मागच्या वर्षी एका मुलीने असाच परिच्छेद लिहिला. कमिटीत एका सरांनी कॅल्क्युलेटर काढून तिथल्या तिथे आकडे टाकले, १६९ आले, मान हलवली आणि पुढचा प्रश्न संमतीपत्रकावर विचारला.